लिमिट्स न बदलता सोडवलेलं इंटिग्रेशन: ताळा जुळतो तरी उत्तर चुकतं, हे भाच्याला कसं पटवू?

लालबागची_ताई
नमस्कार मंडळी. भाचा बारावी सायन्सला आहे, सध्या डेफिनिट इंटिग्रेशन चालू आहे आणि संध्याकाळी वह्या घेऊन माझ्याकडे येऊन बसतो. माझं बीएस्सी होऊन बरीच वर्षं झाली पण वही तपासण्यापुरतं अजून जमतं. आज एका गणितावरून आमची चांगलीच जुंपली. त्याने केलंय ते जसंच्या तसं टाइप करते:

```
∫₀¹ x√(1+x²) dx
u = 1 + x²,  du = 2x dx,  x dx = du/2
= ½ ∫₀¹ √u du
= ⅓ [u^(3/2)]₀¹
= ⅓ (1 − 0) = 1/3
```

पुस्तकामागे उत्तर आहे (2√2 − 1)/3, म्हणजे साधारण ०.६०९. चूक कुठे आहे ते मला दिसतंय, u आला तरी लिमिट्स x चीच राहिलीत. पण तो म्हणतो मावशी मी ताळा केलाय, ⅓(1+x²)^(3/2) चं डेरिव्हेटिव्ह काढलं तर बरोब्बर x√(1+x²) येतं, मग चूक कशी असेल? आणि ते खरंच येतं. माझा प्रश्न असा की पुस्तकात उत्तर दिलेलं नसेल, म्हणजे परीक्षेत, तर ही चूक पकडायची कशी? "लिमिट बदलायची असतात" एवढं सांगून तो गप्प बसणारा मुलगा नाही.

शिवडी_बंदर
लिमिट बदलली नाहीत. x=0 ला u=1, x=1 ला u=2. संपलं.

मीनाकुमठा
ताई मला वाटतं गडबड x dx = du/2 मध्ये आहे, आमच्या वेळी असं x सकट उचलून टाकायला परवानगी नव्हती, आधी dx = du/2x लिहायचं आणि मग x ची जागा √(u−1) ने भरायची. तसं करून बघा, उत्तर बदलेल.

लालबागची_ताई
@मीनाकुमठा तसं केलं तरी वरचा x आणि खालचा x कटतात आणि परत ½√u du च उरतं. तिथे चूक नाही.

पवई_कोडर
मी कॉलेजभर लिमिट्स कधीच बदलली नाहीत आणि काही बिघडलं नाही. इंटिग्रेशन करायचं, शेवटी u च्या जागी 1+x² परत टाकायचं आणि मग 0 आणि 1 घालायचे. ⅓(2√2) − ⅓(1), आलं ना पुस्तकाचं उत्तर. लिमिट बदलणं कंपल्सरी वगैरे काही नाही. आणि ताळ्याचं म्हणाल तर सोप्पंय, दुसरं सबस्टिट्यूशन घ्यायला सांगा, दोन वेगळ्या रस्त्यांनी तेच उत्तर आलं तर बरोबर, वेगळं आलं तर कुठेतरी चुकलंय.

लालबागची_ताई
@पवई_कोडर तुझं ऐकून त्याला दुसरं सबस्टिट्यूशन घ्यायला सांगितलं आणि प्रकरण जास्तच चिघळलं 🙂 त्याने u² = 1 + x² घेतलं, मग u du = x dx, आतमध्ये √(1+x²) च्या जागी नुसता u:

```
∫₀¹ u · u du = [u³/3]₀¹ = 1/3
```

परत १/३! आता तो ठामपणे म्हणतोय की डेरिव्हेटिव्हचा ताळा जुळला, दुसऱ्या पद्धतीने तेच आलं, म्हणजे पुस्तकात छपाईची चूक आहे. आता काय सांगू?

जुना_खडू
ताई, मुलगा हट्टी आहे पण विचार करतोय, त्याला "चुकलास" म्हणून उडवून लावू नका. माटुंग्याला ज्युनियर कॉलेजात मी वर्षानुवर्षं हेच शिकवलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं त्याच्या ताळ्याबद्दल. डेरिव्हेटिव्ह काढून तो जे तपासतोय ते फक्त फंक्शन आहे. ⅓(1+x²)^(3/2) हे फंक्शन बरोबरच आहे, कोणी नाही म्हणत नाही. पण त्या ताळ्यात 0 आणि 1 कुठे आले? आलेच नाहीत. लिमिट्स ० ते १ असोत की ५ ते ९, तो ताळा प्रत्येक वेळी जुळणार. म्हणजे चूक ज्या ओळीत झाली त्या ओळीकडे हा ताळा बघतच नाही. इनडेफिनिटसाठी तो उत्तम आहे, डेफिनिटमध्ये अर्धंच काम करतो.

आता उत्तराकडे बघा. ० ते १ मध्ये √(1+x²) हे १ पेक्षा लहान कधीच नसतं. म्हणून x√(1+x²) हे प्रत्येक ठिकाणी निदान x एवढं तरी असतंच. आणि नुसत्या x चं ० ते १ इंटिग्रल किती? ½, त्रिकोणाचं क्षेत्रफळ. म्हणजे आपलं उत्तर ०.५ च्या खाली जाऊच शकत नाही. वरच्या बाजूने √(1+x²) जास्तीत जास्त √2, म्हणून उत्तर √2/2 म्हणजे ०.७०७ च्या वर जाऊ शकत नाही. ०.५ आणि ०.७०७ च्या मध्ये यायला हवं. १/३ बाहेर पडलं, (2√2 − 1)/3 आत बसलं. पुस्तकाचं उत्तर न बघता, दोन ओळीत. हा ताळा त्याला स्वतःच्या हाताने करायला लावा.

लालबागची_ताई
सर, हे फारच छान. केला त्याने, ०.५ वर येऊन थांबला आणि बराच वेळ वहीकडे बघत बसला. पण लगेच पुढचा प्रश्न आला, मग दोन्ही पद्धतींनी तेच चुकीचं उत्तर कसं काय आलं?

जुना_खडू
प्रश्न एकदम योग्य आहे. त्याने दोन पद्धती वापरल्या असं त्याला वाटतंय पण चूक एकच आहे, दोनदा केलेली. पहिल्या वेळचा u म्हणजे दुसऱ्या वेळच्या u चा वर्ग. ० चा वर्ग ० आणि १ चा वर्ग १. म्हणून न बदललेली 0 आणि 1 ही लिमिट्स दोन्हीकडे एकाच तुकड्याबद्दल बोलत होती आणि उत्तर जुळणारच होतं. वरचं लिमिट १ ऐवजी २ असतं तर तीच चूक करूनही पहिल्या पद्धतीने ⅓·2√2 आलं असतं आणि दुसऱ्या पद्धतीने 8/3, तिथेच भांडाफोड झाला असता. तेव्हा पवईकरांची दुसऱ्या रस्त्याची युक्ती वाईट नाही, पण दोन्ही रस्त्यांवर तोच खड्डा असेल तर कळत नाही.

आणखी एक गोष्ट त्याला विचारा. u = 1 + x² धरलंस, मग x ची कोणती किंमत टाकली की u शून्य होतो? x² = −1 लागेल. x तर ० ते १ मध्येच फिरतोय, त्यात u १ पासून सुरू होतो आणि २ ला संपतो, १ च्या खाली जातच नाही. तरी त्याने u ला ० पासून १ पर्यंत चालवलं. म्हणजे मूळ गणितातला जो भाग मोजायचा होता तो मोजलाच नाही आणि जो अस्तित्वातच नाही तो मोजला. फक्त u = 1 एवढा एक बिंदू दोन्हींत कॉमन आहे.

पवई_कोडर
सर मान्य, दुसऱ्या रस्त्याचं मी जास्तच खात्रीने बोललो. पण माझा पहिला मुद्दा बरोबरच ना? लिमिट न बदलता परत x टाकून केलं तर चालतं.

जुना_खडू
चालतं, शंभर टक्के. दोनच घरं आहेत, एक तर u च्या घरात जा आणि लिमिट्स पण सोबत न्या, नाहीतर इंटिग्रेशन करून x च्या घरी परत या आणि जुनी लिमिट्स वापरा. भाच्याने u कडे सामान नेलं आणि किल्ल्या x च्या घरच्या ठेवल्या. फक्त तुमच्या पद्धतीत मधली ओळ कशी लिहायची हा वेगळा मुद्दा आहे. ½ ∫₀¹ √u du असं लिहून पुढे x परत टाकला तर शेवटचं उत्तर बरोबर येतं पण ती मधली ओळ खोटी असते, कारण त्या ओळीची किंमत १/३ आहे आणि तिच्या आधीच्या ओळीची ०.६०९. मध्ये बरोबरचं चिन्ह घालता येत नाही. एक तर आधी लिमिट्सशिवाय इनडेफिनिट वेगळं सोडवा, नाहीतर चिन्हाखाली x=0 आणि वर x=1 असं स्पष्ट लिहा.

लालबागची_ताई
सर अजून एक. त्याच पानावर याच्या आधीचं गणित त्याने ह्याच पद्धतीने, लिमिट न बदलता केलंय आणि ते बरोबर आलंय. तो तेच पुढे करतोय की "काल चाललं, आज का नाही". गणित आहे ∫₀¹ x·e^(x²) dx, त्याने u = x² घेतलं, उत्तर (e − 1)/2, मागे तेच दिलंय.

परळ_क्लास
ताई, सवय लागते ती इथूनच! मी परळला अकरावी-बारावीचे क्लास घेते, दर वर्षी हेच बघते. u = x² मध्ये x=0 ला u=0 आणि x=1 ला u=1, लिमिट्स बदलून पण तीच येतात. पोराला वाटतं आपण बदलली नाहीत तरी जमलं. खरं म्हणजे ती बदललीच होती, फक्त आकडे तेच आले. पुस्तकांत ० ते १ इतक्या वेळा येतं की हा योगायोग पुन्हा पुन्हा होतो. त्याला हेच गणित ० ते २ करून द्या:

```
बरोबर:  ½ ∫₀⁴ e^u du = ½(e⁴ − 1) ≈ 26.8
चुकीचं: ½ ∫₀² e^u du = ½(e² − 1) ≈ 3.19
```

आता काल चाललेली पद्धत आज आठपट कमी उत्तर देते. एवढा फरक पाहिल्यावर मुलं सहसा वाद घालत नाहीत.

शिवडी_बंदर
पण ह्या गणितात खडू सरांचा ताळा फसतोय बघा. e^(x²) किमान १, म्हणून इंटिग्रल किमान ∫₀² x dx = 2. आणि चुकीचं उत्तर ३.१९, ते २ च्या वरच आहे. पकडलं गेलं नाही.

परळ_क्लास
हो, बरोबर धरलंत. एवढा ढोबळ अंदाज प्रत्येक वेळी पुरत नाही. चुकीचं उत्तर हद्दीबाहेर गेलं तर चूक नक्की, पण हद्दीत बसलं म्हणजे बरोबर असं नाही. अशा वेळी जिथे फंक्शन झपाट्याने वाढतं तो तुकडा घ्यायचा. १.५ ला x·e^(x²) म्हणजे 1.5 × e^2.25, साधारण १४.२. तिथून २ पर्यंत ते वाढतच जातं, २ ला तर १०९ होतं. म्हणजे नुसत्या १.५ ते २ ह्या अर्ध्या रुंदीच्या पट्टीचंच क्षेत्रफळ ७.१ पेक्षा जास्त. आख्ख्याचं उत्तर ३.१९ कसं असेल?

पवई_कोडर
लॅपटॉप जवळ असेल तर मी सरळ हे चालवतो, पट्ट्या पाडून बेरीज:

```python
n = 1000
h = 1/n
s = 0
for i in range(n):
    x = (i + 0.5)*h
    s += x*(1 + x*x)**0.5*h
print(s)
```

ताईंच्या गणिताला ०.६०९४७ येतं. वाद मिटला.

जुना_खडू
परीक्षेत लॅपटॉप नसतो पण सिम्पसन असतो. तीनच किंमती घ्या, x=0 ला 0, x=½ ला 0.559, x=1 ला 1.414. पहिली अधिक मधलीच्या चौपट अधिक शेवटची, भागिले ६. (0 + 2.236 + 1.414)/6 = ०.६०८. खरं उत्तर ०.६०९. पेपराच्या कडेला पेन्सिलने मिनिटभरात होतं. सीईटीला मॅथ्सचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, तिथे हे प्रत्येक गणिताला करायला वेळ नाही, पण शंका आली तिथे करावं. मी कॉलेजच्या चाचणीला पर्यायी प्रश्न काढायचो तेव्हा लिमिट न बदलता येणारं उत्तर एक पर्याय म्हणून मुद्दाम ठेवायचो. "आपलं उत्तर पर्यायात आहे" हा ताळा होत नाही.

वडाळा_इंजि
माझं उलटं झालंय म्हणून इथेच विचारतो. मी लिमिट्स नीट बदलली तरी उत्तर चुकलं. ∫₀^π cos²x dx. t = sin x, dt = cos x dx, उरलेल्या cos x च्या जागी √(1−t²). x=0 ला t=0, x=π ला पण t=0. मग ० ते ० इंटिग्रल म्हणजे शून्य. उत्तर π/2 हवं. म्हणजे लिमिट बदलायचा नियम पण नेहमी चालत नाही का?

शिवडी_बंदर
t जाऊन परत येतो ना म्हणून. ० वरून १ ला जातो आणि परत ० ला. एकाच दिशेने जाणारं सबस्टिट्यूशनच चालतं.

जुना_खडू
शिवडीकर, अर्धं बरोबर. t मागे फिरला म्हणून आपोआप चुकत नाही. ∫₀^π sin²x·cos x dx घ्या, t = sin x, तिथेही लिमिट्स ० ते ० येतात आणि उत्तर शून्यच आहे, खरंच शून्य, कारण π/2 च्या पुढे cos ऋण होतो आणि दोन अर्धे एकमेकांना खातात. वडाळ्याच्या गणितात चूक आहे ती cos x = √(1−t²) ह्या ओळीत. वर्गमूळ कधी ऋण नसतं, आणि π/2 ते π मध्ये cos x ऋण आहे. तिथे −√(1−t²) लिहायला हवं. π/2 ला तोडून दोन भाग करा, पहिला ∫₀¹ √(1−t²) dt = π/4, दुसरा १ वरून ० ला जाणारा आणि आत उणे चिन्ह, तोही π/4. बेरीज π/2.

आणि इथेही ताळा तोच. cos²x कुठेही ऋण नाही, बहुतेक ठिकाणी धनच आहे, मग क्षेत्रफळ शून्य येईलच कसं?

वडाळा_इंजि
ओके सर, मूळ काढताना साइन बघायचीच राहिली. थँक्स.

लालबागची_ताई
भाच्याने आज पुढचं गणित केलं, ∫₀¹ x√(1−x²) dx. ह्यावेळी बाजूला छोटा तक्ता काढला, x खाली 0 आणि 1, u खाली 1 आणि 0, कारण u = 1 − x². मग −½ ∫ १ पासून ० पर्यंत √u du, लिमिट्स उलटी केली, उणे गेलं, उत्तर 1/3. आणि मग स्वतःच म्हणाला, "मावशी, मी काल ह्या गणिताचं उत्तर त्या गणिताला लिहिलं होतं." खरंच की, ½ ∫₀¹ √u du हे ह्या दुसऱ्या गणिताचंच रूप आहे. आणि इथे लिमिट्स न बदलता केलं असतं तर −1/3 आलं असतं, धन फंक्शनचं ऋण क्षेत्रफळ, तेही त्यानेच करून दाखवलं.

आता एकच राहिलं. जुन्या वहीत तीन-चार गणितं अशी आहेत की मधल्या ओळीत u बरोबर जुनी लिमिट्स लिहिलीत पण शेवटी x परत टाकून उत्तर बरोबर आणलंय. बोर्डात मार्क कापतील का?

जुना_खडू
मी कापायचो. एक मार्क नाही पण अर्धा नक्की. ती ओळ चूक आहे, आणि पुढे बरोबर आलं तर ते त्या ओळीतून आलेलंच नाही.

परळ_क्लास
सर, आदर ठेवून सांगते, मी नाही कापणार. x परत टाकलाय म्हणजे मुलाला कळलंय की लिमिट्स x ची आहेत, लिहायला फक्त x= राहिलं. शेवटच्या स्टेपचे मार्क मी पूर्ण देते. हो, लाल पेनाने x= लिहून ठेवते.

जुना_खडू
त्याला कळलंय हे तुम्ही गृहीत धरताय. ताईंच्या भाच्याने तीच ओळ लिहिली होती आणि त्याला कळलं नव्हतं. पेपर तपासणाऱ्याला दोघांच्या त्या ओळीत फरक दिसत नाही.

परळ_क्लास
पण पुढच्या ओळीत दिसतो ना सर. एकाने u मध्येच 0 आणि 1 घातले, दुसऱ्याने x परत आणला. मार्क मी पुढची ओळ बघून देते.

लालबागची_ताई
तुम्हा दोघांचं मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो मी तक्ताच काढत जाईन, अर्ध्या मार्कासाठी कोण वाट बघणार. जुनी गणितं मात्र खाडाखोड न करता बाजूला x=0, x=1 लिहून ठेवतोय. परळच्या मॅडम, १.५ ते २ च्या पट्टीसारखी अजून दोन-तीन गणितं असतील तर टाका ना इथे, उद्या त्यावर बसवते.